सपोर्ट आणि रेझिस्टन्स: भाव त्या रेषेवरून खरेच परततो का?

‘सर, 700 ला सपोर्ट आहे. तीनदा तिथूनच वर फिरलाय. आता चौथ्यांदा आलाय, घेऊ का?’ तास संपल्यावर मोबाइल पुढे करून असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आता दर सत्रात एखादा तरी भेटतो. चार्टवर एक आडवी रेषा असते आणि ती त्याने स्वतः ओढलेली असते. त्याच्या बोलण्यात दोन वेगळी विधाने मिसळलेली आहेत. पहिले: या भावापाशी काहीतरी घडते. दुसरे: म्हणून इथे घेतले तर फायदा होईल. पहिल्या विधानाला बऱ्यापैकी आधार आहे. दुसरे त्यातून आपोआप निघत नाही. या टिपणात आपण ही दोन विधाने वेगळी करू. त्यासाठी शेअर बाजाराचे पूर्वज्ञान फारसे लागत नाही. दुसऱ्या वर्षाच्या संभाव्यतेच्या अभ्यासक्रमात जेवढे गणित येते तेवढे पुरे.

कल्पना काय आहे

घसरणारा भाव ज्या पातळीच्या आसपास थांबतो किंवा वर परततो, तिला सपोर्ट म्हणजे आधार पातळी म्हणतात. चढणारा भाव जिथे अडतो ती रेझिस्टन्स, म्हणजे अडथळा पातळी. आधार तुटला तर तीच पातळी पुढे अडथळा बनते, असाही एक प्रचलित नियम आहे. चार्ट पाहून व्यवहार करणारे लोक या पातळ्यांवर तीन गोष्टी ठरवतात: कुठे घ्यायचे, कुठे विकायचे आणि अंदाज चुकला तर कुठे बाहेर पडायचे. शेवटच्या गोष्टीसाठी स्टॉप-लॉस ऑर्डर लावतात. भाव एका ठरलेल्या आकड्याखाली गेला की ती जागी होते आणि विक्री करते.

पातळीमागे ऑर्डरचा ढीग असतो

रेषेत स्वतःची ताकद नसते. भाव थांबतो तो तिथे कोणीतरी खरेदीच्या ऑर्डर लावून बसलेले असते म्हणून. मग प्रश्न असा की इतक्या लोकांनी एकाच आकड्यावर ऑर्डर का लावाव्यात?

एक कारण आठवण. 700 ला घेतलेला समभाग 640 वर गेला की अनेक जण मनाशी ठरवतात, ‘मुद्दल सुटले की बाहेर पडू.’ भाव परत 700 जवळ आला की ही मंडळी विकायला उभी राहतात, आणि जुना आधार अडथळा झालेला दिसतो. दुसरे कारण गोल आकडे. माणूस 697.35 ला विकायचे ठरवत नाही, 700 ला ठरवतो. अर्थशास्त्रज्ञ कॅरल ऑस्लर यांनी परकीय चलन बाजारातल्या प्रत्यक्ष ऑर्डर तपासून 2003 मध्ये एक निरीक्षण मांडले. नफा वसूल करण्याच्या ऑर्डर गोल आकड्यांवरच दाटलेल्या असतात, तर स्टॉप-लॉस ऑर्डर गोल आकड्याच्या जरा पलीकडे दाटतात. म्हणजे भाव गोल आकड्यावर अडण्याचे कारण आणि तो आकडा ओलांडल्यावर भाव वेगाने सुटण्याचे कारण अगदी शेजारी शेजारी असते.

हे आकड्यांत पाहू. समजा 700 वर 40,000 समभागांच्या खरेदीच्या ऑर्डर आहेत. विक्रेते 25,000 समभाग घेऊन येतात. भाव 700 वर थबकतो, विक्री संपते, भाव वर फिरतो. चार्टवर एक देखणा आधार दिसतो. पण ढिगात आता 15,000 च उरले आहेत. आठवड्याने पुन्हा 25,000 ची विक्री येते. पहिले 15,000 शोषले जातात, उरलेल्या 10,000 ला खरेदीदार नसतो आणि भाव 699, 698 वर येतो. तिथे स्टॉप-लॉस लावलेले असतात. ते जागे होतात आणि स्वतःच विक्री करू लागतात. घसरणीला घसरणच जोर देते.

‘जितक्या वेळा टेकला तितका आधार मजबूत’ हा नियम तुम्ही अनेक व्हिडिओंत ऐकला असेल. वरच्या उदाहरणात उलटेच घडले: प्रत्येक स्पर्शाने ढीग कमी झाला. अर्थात मधल्या काळात नवे खरेदीदार आले असते तर ढीग वाढलाही असता. यातले काय घडले ते चार्टवर दिसत नाही. ऑर्डरच्या पडद्यावर साधारणपणे सर्वांत जवळचे पाच खरेदीचे आणि पाच विक्रीचे भाव दिसतात, आणि जागे न झालेले स्टॉप-लॉस त्यात दिसतच नाहीत. म्हणून तीन स्पर्श पाहून ‘मजबूत’ म्हणणारा आणि तेच तीन स्पर्श पाहून ‘आता तुटणार’ म्हणणारा, दोघांकडे माहिती सारखीच अपुरी असते.

नाणे किती वेळा परतते?

आता खऱ्या परीक्षेकडे येऊ. ‘या पातळीवरून भाव दहापैकी सात वेळा परततो’ असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याला ते मोठे यश वाटते. पण अभियांत्रिकीत आपण कोणतेही मोजमाप संदर्भाशिवाय स्वीकारत नाही. इथे संदर्भ असा: ज्या भावाला कसलीही स्मृती नाही, जो नाणे उडवून एक रुपया वर किंवा एक रुपया खाली जातो, तो भाव मनाने ठरवलेल्या पातळीवरून किती वेळा ‘परततो’?

त्यासाठी आधी ‘परतला’ आणि ‘तुटला’ यांची व्याख्या ठरवावी लागेल. समजा आधार 700 ला आहे आणि भाव 702 वर आला की तो आधाराजवळ आला असे आपण म्हणतो. तिथून भाव 706 ला पोहोचला तर परतला. 694 ला पोहोचला तर तुटला. दोन-चार रुपये खाली डोकावला तरी चालेल, कारण ‘आधार हा पट्टा असतो, रेषा नव्हे’ असे सांगितलेच जाते. ही व्याख्या कोणालाही अवाजवी वाटणार नाही.

हा संभाव्यतेतला जुगाऱ्याच्या दिवाळखोरीचा प्रश्न आहे. सुरुवातीचा भाव s, वरची मर्यादा u आणि खालची मर्यादा d असेल तर आधी वर पोहोचण्याची संभाव्यता अशी:

P = (s − d) / (u − d) = (702 − 694) / (706 − 694) = 8/12

म्हणजे जवळजवळ 67 टक्के. नाण्याला 700 हा आकडा माहीतही नाही, तरी तो आधार तीनपैकी दोन वेळा ‘टिकतो’. विश्वास बसत नसेल तर चालवून पाहा:

```python
import random

def trial(start=702, up=706, down=694):
    p = start
    while down < p < up:
        p += random.choice((-1, 1))
    return p == up

n = 100000
print(sum(trial() for _ in range(n)) / n)
```

आता `up` ला 714 आणि `down` ला 696 द्या. उत्तर 6/18 येईल, म्हणजे 33 टक्के. नाणे तेच, पातळी तीच. बदलली ती फक्त व्याख्या. यशाची टक्केवारी पातळीच्या गुणापेक्षा आपण मर्यादा कुठे ठेवतो यावर किती अवलंबून असते, ते इथे उघड होते. म्हणून जो कोणी टक्केवारी सांगतो आणि व्याख्या सांगत नाही, त्याने खरे तर काहीच सांगितलेले नसते.

पैशाचा हिशेबही इथेच करू. पहिल्या व्याख्येत 702 ला 100 समभाग घेतले. परतला तर 4 रुपयांप्रमाणे 400 रुपये नफा, तुटला तर 8 रुपयांप्रमाणे 800 रुपये तोटा. 67 टक्के वेळा 400 मिळवणे आणि 33 टक्के वेळा 800 गमावणे यांची बेरीज शून्य येते. त्यात दलाली, कर आणि शुल्क मिळून समजा येऊन-जाऊन 70 रुपये लागले, तर ना नफा ना तोटा होण्यासाठी लागणारी यशाची टक्केवारी w अशी मिळते:

400w − 800(1 − w) − 70 = 0, म्हणून w = 870/1200 = 72.5 टक्के

तीनपैकी दोन वेळा बरोबर ठरणारा माणूस इथे दर व्यवहाराला सरासरी 70 रुपये गमावतो, आणि तरीही त्याला वाटत राहते की आपले वाचन बहुधा बरोबर असते. माझ्या मते या विषयातली सर्वांत महागडी गैरसमजूत हीच आहे.

मग पातळ्यांत काहीच नाही का?

असे म्हणणेही पुराव्याला धरून होणार नाही. ऑस्लर यांनीच 2000 मध्ये न्यू यॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेच्या नियतकालिकात एक तपासणी प्रसिद्ध केली. चलन बाजारातल्या सहा संस्था आपल्या ग्राहकांना रोज आधार आणि अडथळा पातळ्या पाठवत असत. जानेवारी 1996 ते मार्च 1998 या काळातल्या त्या पातळ्या त्यांनी घेतल्या. डॉलरच्या तुलनेत मार्क, येन आणि पौंड यांचे भाव त्या पातळ्यांपाशी काय करतात ते पाहिले आणि शेजारी कसोटीसाठी यादृच्छिकपणे निवडलेल्या पातळ्या ठेवल्या. आपण वर नाण्याकडून करून घेतले तेच काम इथे या निवडक नसलेल्या पातळ्यांनी केले.

निष्कर्ष तिहेरी होता, आणि तिन्ही भाग एकत्र वाचायला हवेत. एक, संस्थांनी दिलेल्या पातळ्यांवरून भाव यादृच्छिक पातळ्यांपेक्षा जास्त वेळा परतला, म्हणजे त्यांत काही माहिती होती. दोन, यादृच्छिक पातळ्यांवरूनही भाव बरेचदा परततच होता. पातळीचे खरे श्रेय दोन्हींमधल्या फरकापुरतेच. तीन, काही संस्था पातळीसोबत तिची ताकदही सांगत, आणि त्या ‘मजबूत’, ‘कमजोर’ शेऱ्यांचा फारसा उपयोग झाला नाही. त्या पातळ्यांपैकी बहुतेक 0 किंवा 5 वर संपणाऱ्या होत्या, ही गोष्टही लक्षात ठेवा. गोल आकड्यांवर ऑर्डर दाटतात, या स्पष्टीकरणाशी ती जुळते.

तरीही हा अभ्यास भाव किती वेळा परततो याचा होता, ग्राहकाच्या खिशात किती उरते याचा नव्हता. शिवाय तो चलन बाजाराचा आणि दिवसातल्या हालचालींचा होता. त्यावरून एखाद्या समभागाच्या महिन्याभराच्या चार्टविषयी खात्री देणे म्हणजे एका द्रवाचा स्निग्धतांक दुसऱ्याला लावण्यासारखे आहे.

22 ऑक्टोबर 2019: रेषेखाली जमीनच नव्हती

आतापर्यंत आपण गृहीत धरले की भाव एकेक रुपयाने चालतो, म्हणजे 702 वरून 694 ला जाताना 698 लागतेच. नाण्याच्या प्रारूपात ते खरे आहे. बाजारात नेहमीच खरे नसते. बंगळुरूत मुख्यालय असलेल्या इन्फोसिसचे उदाहरण घेऊ.

शुक्रवार, 18 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई शेअर बाजारात इन्फोसिसचा बंद भाव सुमारे 768 रुपये होता. सोमवार, 21 तारखेला महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानामुळे बाजार बंद होता. त्याच दिवशी कंपनीच्या हिशेबांबाबत आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांबाबत आरोप करणारे निनावी तक्रारदारांचे पत्र उघड झाले. अमेरिकेचा बाजार चालू होता आणि तिथे कंपनीची समभागपत्रे जोरात घसरली. मंगळवारी आपल्याकडे समभाग उघडला तोच सुमारे 691 वर. दिवसअखेर भाव सुमारे 643 होता, म्हणजे एका दिवसात 16 टक्क्यांहून अधिक घसरण. पुढे जानेवारी 2020 मध्ये कंपनीच्या ऑडिट समितीने चौकशीनंतर आरोपांना पुरावा न सापडल्याचे जाहीर केले, पण त्या मंगळवारी कोणाच्याही हाती ते उत्तर नव्हते.

समजा कोणी 750 ही आधार पातळी धरली होती, त्याच्याकडे 768 च्या भावाचे 100 समभाग होते आणि 748 ला स्टॉप-लॉस लावण्याचे त्याने ठरवले होते. त्याच्या वहीत जोखीम होती समभागामागे 20 रुपये, एकूण 2,000. प्रत्यक्षात 768 आणि 691 यांच्या मधल्या कोणत्याही भावाला सकाळी व्यवहारच झाला नाही. उघडताच विकले असते तरी तोटा सुमारे 7,700 रुपये, म्हणजे ठरवलेल्याच्या जवळजवळ चौपट. बाजारभावाने विकणारी ऑर्डर उपलब्ध भाव घेते. ‘745 च्या खाली विकू नको’ अशी मर्यादा घातलेली ऑर्डर न विकता पडून राहते. दोन्हींपैकी एकही 748 देऊ शकत नाही.

691 हा आकडाही पाहण्यासारखा आहे. 768 मधून 10 टक्के वजा केले की साधारण तेवढेच उरतात. ज्या समभागांत वायदे व्यवहार होतात त्यांना दिवसभराची पक्की भावमर्यादा नसते, पण सुरुवातीला 10 टक्क्यांचा पट्टा असतो आणि गरजेप्रमाणे तो वाढवला जातो. त्या सकाळी चार्टवर जो आकडा ‘पातळी’सारखा दिसला, तो लोकांच्या आठवणीतून आलेला नव्हता, तो बाजाराच्या नियमातून आला होता.

याच समभागाचा आणखी एक धडा आहे. सप्टेंबर 2018 मध्ये इन्फोसिसने एकास एक बोनस समभाग दिले. त्यानंतर चार्टवरचे आधीचे सगळे भाव निम्मे करून दाखवले जातात, आणि तसे करणे योग्यच आहे. पण त्यामुळे 2018 च्या सुरुवातीच्या काळात दिसणारा 600 हा भाव तेव्हा कोणी पाहिलाच नव्हता. लोकांनी व्यवहार 1,200 च्या आसपास केले होते. ‘मुद्दल सुटले की बाहेर पडू’ हे कारण इथे टिकते, कारण बोनसनंतर प्रत्येकाचा सरासरी खरेदीभावही निम्मा होतो. गोल आकड्याचे कारण मात्र टिकेलच असे नाही: जुना 1,250 आता 625 दिसतो, आणि 625 ला कोणी गोल म्हणत नाही. जुन्या पातळीवर रेष ओढताना तिच्यामागे नेमके कोणते कारण आपण धरतो आहोत, हे विचारायला हवे ते यासाठी.

तुम्ही स्वतः तपासायचे असेल तर

सपोर्टची बहुतेक उदाहरणे मागे वळून दाखवलेली असतात. चार्ट पूर्ण झाल्यावर ज्या भावावर तीन वळणे जुळतात तिथे रेष ओढली, तर ती तीनदा टिकलेली दिसणारच. तिची निवडच त्यासाठी झाली होती. शिकागो विद्यापीठाचे हॅरी रॉबर्ट्स यांनी 1959 मध्येच यादृच्छिक आकड्यांपासून चार्ट काढून दाखवले होते की ते खऱ्या बाजाराच्या चार्टसारखेच दिसतात. आपल्या डोळ्यांना आकृती सापडणे हा पुरावा नव्हे.

म्हणून एक छोटा प्रयोग करा. कोणताही एक समभाग घ्या. आज, पुढचा भाव दिसण्याआधी, वहीत पातळी लिहा आणि तारीख घाला. ‘जवळ आला’, ‘परतला’ आणि ‘तुटला’ यांचे आकडे त्याच वेळी लिहा. शेजारी एक पातळी चिठ्ठी काढून निवडा आणि तिला तेच नियम लावा. पन्नास-साठ प्रसंग जमले की दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी मांडा. फरक थोडा असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. पन्नास निरीक्षणांत 67 टक्क्यांची प्रमाणित त्रुटी सुमारे 7 टक्के गुण येते, त्यामुळे 67 आणि 72 यांत फरक आहे असे तेवढ्यावरून म्हणता येत नाही. आपल्याला लागणारा 72.5 टक्क्यांचा आकडा नेमका याच धूसर भागात पडतो, हेही लक्षात घ्या.

या सगळ्याला पैशाची बाजू आहे, म्हणून हे लिहिले. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये दिलेल्या माहितीनुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हा आकडा सपोर्ट-रेझिस्टन्सविरुद्धचा पुरावा नाही. त्यांतले किती जण रेषा ओढत होते ते त्यातून कळत नाही. पण बारीकशा फायद्याच्या आशेवर, खर्च न मोजता, वारंवार व्यवहार करणाऱ्याचे काय होते याची कल्पना त्यातून येते.

त्या विद्यार्थ्याला मी ‘घे’ किंवा ‘नको’ असे सांगितले नाही. त्याला तीन प्रश्न लिहून दिले. 700 वर कोणाच्या ऑर्डर असतील असे तुला वाटते आणि का? ‘तुटला’ हे तू कोणत्या आकड्यावर मान्य करशील? आणि सकाळी भाव त्या आकड्याच्या कितीतरी खाली उघडला, तर किती पैसे जातील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने लगेच दिली. तिसऱ्यावर त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि मागच्या बाकावर बसून कागदावर आकडेमोड सुरू केली.